आठ कोरडे महिने
(वायपरचे रबर आणि त्याचे वय : पुस्तकाची प्रस्तावना)

वायपरच्या तक्रारी महाराष्ट्रात जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतात. पहिली जोरदार सर येते, माणूस घाईने वायपर सुरू करतो आणि काचेवर पाणी निपटण्याऐवजी फराटे उमटतात. कुणाच्या गाडीत डोळ्यांसमोर दोन-तीन बारीक रेघा राहतात, कुणाच्या गाडीत वायपर काचेवर उड्या मारत थडथडतो. गॅरेजमध्ये आलेल्या माणसाच्या तोंडी एकच वाक्य असते : "गेल्या पावसाळ्यातच तर नवीन घातले होते, आणि त्यानंतर वापरले कुठे?"

हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकले की त्यातूनच हे पुस्तक जन्मले. बोलणाऱ्याचा हिशोब असा असतो की वायपर पाण्यात घासून झिजतो, म्हणजे चार महिने चालला आणि आठ महिने आराम केला तर तो जवळजवळ नवाच राहायला हवा. रबराचा हिशोब उलटा आहे. पावसात पाणीच वंगणाचे काम करते आणि रबर काचेवरून सुखाने सरकते. त्याचे खरे वय वाढते ते ऑक्टोबर ते मे या आठ कोरड्या महिन्यांत, एकाच बाजूला वाकून, तापलेल्या काचेला टेकून, जागेवर उभे असताना. फराटे आणि थडथड यांची बहुतेक कारणे या एका गोष्टीपाशी येऊन मिळतात. म्हणून या प्रस्तावनेतही मी तोच धागा धरून चालणार आहे.

आधी ती वस्तू नीट पाहू. वायपरचे रबर हातात घेऊन कापलेल्या टोकाकडून पाहिले तर त्याचे तीन भाग दिसतात. वर जाड डोके असते, ते धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीत अडकवलेले असते. त्याखाली अगदी बारीक मान असते. आणि मानेखाली जी पातळ पट्टी काचेला लागते तिला या पुस्तकात मी जीभ म्हटले आहे. जिभेची जाडी टोकाशी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. टोक गोल नसते, धारदार चौकोनी कापलेले असते, त्यामुळे त्याला दोन कोपरे मिळतात : एक जाताना काम करणारा, दुसरा येताना काम करणारा. हा काप टिकवण्यासाठी कारखान्यात बहुधा दोन जिभा समोरासमोर जोडलेल्या अशी पट्टी साच्यातून किंवा डायमधून काढतात आणि मग मधोमध चिरून तिच्या दोन करतात.

वायपर काचेवरून सरकतो तेव्हा जीभ ताठ उभी नसते. ती मानेतून कलते आणि मागे ओढली जाते. अंगण झाडताना खराटा जसा आपण कलता धरून ओढतो, तशीच. वायपर फेरीच्या टोकाला पोचून परत फिरला की जिभेलाही क्षणात दुसऱ्या बाजूला कलावे लागते. खराट्याची काडी जमिनीवर रोवून तिच्याच रोखाने पुढे ढकलली तर ती अडते, वाकते, उडी मारून पुढे पडते आणि पुन्हा अडते. उलटायचे राहून गेलेल्या जिभेचे काचेवर नेमके हेच होते, आणि तीच थडथड. मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या वेगाने वायपर चालला तर जीभ मिनिटाला नव्वद वेळा उलटते. तीन तासांच्या प्रवासात सोळा हजारांहून जास्त वेळा. इतक्या वेळा न चुकता पलटी मारायची असेल तर रबर मऊ हवे, लवचिक हवे आणि मुळात सरळ हवे.

हे सगळे होत असताना जिभेवरचा दाबही फार नसतो. लांबीच्या दर सेंटिमीटरला साधारण पंधरा ग्रॅम, म्हणजे साठ सेंटिमीटरच्या ब्लेडवर एक किलोलाही थोडा कमीच. एवढ्या दाबात कोपरा काचेवर इतका नीट बसावा लागतो की मागे राहिलेला पाण्याचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून पातळ असेल. तो डोळ्यांना दिसत नाही आणि लगेच सुकतो. कोपरा झिजून गोल झाला की थर जाड राहतो. मग तो फुटून त्याचे थेंब होतात, आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या थेंबांवर पसरला की रस्ता दिसेनासा होतो.

या साध्या दिसणाऱ्या पट्टीला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना १० नोव्हेंबर १९०३ रोजी काच पुसण्याच्या साधनाचे पेटंट मिळाले. न्यूयॉर्कमधील ट्रामचा चालक बर्फात समोरची काच उघडी ठेवून गाडी हाकतो हे पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. त्यांच्या साधनात आतून तरफ ओढली की बाहेरचा दांडा रबराची पट्टी घेऊन काचेवरून फिरत असे. १९१७ मध्ये बफेलो येथे जॉन ओइशी यांनी ट्रायको कंपनी सुरू केली आणि काचेवरचे पाणी पुसणारे रबर हा स्वतंत्र धंदा झाला. १९२६ मध्ये बॉशने विजेच्या मोटरवर चालणारा वायपर आणला आणि चालकाचा हात मोकळा झाला. थांबून थांबून चालणाऱ्या वायपरसाठी रॉबर्ट कर्न्स यांना १९६७ मध्ये पेटंट मिळाले. मंद पावसासाठी ही मोठी सोय होती.

मात्र रबराच्या दृष्टीने खरा बदल घडवला तो काचेने. जुन्या गाड्यांच्या काचा सपाट होत्या, त्यांवर एक सरळ पट्टी पुरे होई. दुसऱ्या महायुद्धानंतर काचा बाकदार झाल्या आणि सरळ पट्टी मध्ये टेकली की टोकांना उचलली जाऊ लागली. त्यावर उपाय निघाला कमानींचा : एका मोठ्या कमानीखाली दोन लहान, त्यांच्याखाली आणखी लहान, आणि शेवटी सहा-आठ नख्यांनी रबर धरलेले. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांवर दिसतो तो हाच सांगाड्याचा वायपर. १९९९ मध्ये बॉशने एरोट्विन नावाने बिनसांगाड्याचा चपटा वायपर बाजारात आणला. त्यात रबराच्या पाठीला आधीच बाक दिलेली स्प्रिंग पोलादाची पट्टी असते. काचेवर दाबली की ती सरळ होते, पण परत मूळ बाकाकडे वळू पाहते आणि त्यामुळे दाब सगळ्या लांबीवर सारखा वाटला जातो. सांगाड्याच्या नख्या धुळीने आखडतात, चपट्यात आखडायला काही नसते. पण त्या पट्टीचा बाक एका विशिष्ट काचेसाठी बेतलेला असतो. दुसऱ्याच गाडीचा चपटा वायपर केवळ लांबी जुळते म्हणून लावला तर टोकांशी काचेचा पट्टा पुसलाच जात नाही.

वायपर नीट का पुसत नाही याचा विचार करणाऱ्यांमध्ये मला तीन घराणी दिसतात. पहिले घराणे दाबाचे आणि कोनाचे. त्यांच्या मते दोष दांड्यात असतो : स्प्रिंग सैल झाली, दांडा पिळला, जीभ काचेशी काटकोनात राहिली नाही. गॅरेजमधले जुने मिस्त्री बहुतेक याच घराण्याचे. पकडीने दांडा किंचित पिळून थडथड घालवणारे हात मी पाहिले आहेत, आणि त्यांचे निदान अनेकदा बरोबर असते.

दुसरे घराणे घर्षणाचे. रबर काचेवरून कसे सरकते हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. १९७१ साली या विषयावर दोन महत्त्वाची कामे प्रसिद्ध झाली. अ‍ॅडॉल्फ शालामाख यांनी दाखवले की मऊ रबर कठीण पृष्ठभागावरून सरसकट घसरत नाही. त्यात सुटलेल्या घड्यांच्या लाटा उठतात आणि गालिच्याची घडी पुढे सरकवावी तसे ते पुढे जाते. त्याच वर्षी जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्स यांनी गुळगुळीत रबर काचेला टेकले की बाहेरच्या दाबाशिवायही ते किती चिकटते याचे गणित मांडले. वायपरच्या अभ्यासकांनी पुढे ओलाव्यानुसार घर्षण कसे बदलते हे मोजले. भरपूर पाण्यात वायपर वेगाने सरकतो तेव्हा घर्षण फार कमी असते. पूर्ण कोरड्या काचेवर ते खूप असते. आणि सर्वांत त्रासदायक अवस्था मधली असते : काच धड ओली नाही, धड कोरडी नाही. त्या अवस्थेत जीभ चिकटते, ताणली जाते, सुटते आणि पुन्हा चिकटते. वेग जितका कमी तितकी पकड जास्त, म्हणून फेरीच्या दोन्ही टोकांपाशी, जिथे वायपर क्षणभर थांबतो, तिथे हा त्रास आधी दिसतो. आवाजाचेही तीन प्रकार वेगळे ओळखता येतात. सेकंदाला हजारच्या आसपास कंपने असली तर कर्कश किंकाळी ऐकू येते. शंभरापेक्षा कमी असली तर थडथड ऐकू येते आणि काचेवर उभ्या पट्ट्या उमटतात. तिसरा आवाज जीभ उलटताना होणारा 'टप्' असा.

तिसरे घराणे रबराचे, आणि मी स्वतः त्या घराण्यातला आहे. मात्र आमचे म्हणणे पहिल्या दोघांना खोटे ठरवत नाही. दांड्याचा कोन थोडा चुकला असला किंवा काच थोडी तेलकट असली तरी ताजी, मऊ जीभ ते सांभाळून घेते. तेच रबर म्हातारे झाले की त्याची सांभाळून घेण्याची ताकद संपते आणि आधीपासून असलेला दोष उघडा पडतो. म्हणून तिन्ही घराण्यांची भेट शेवटी रबराच्या वयापाशी होते.

वायपरसाठी बाजारात मुख्यतः तीन प्रकारची रबरे मिळतात. पहिले नैसर्गिक रबर, जे आपल्या देशात मुख्यतः केरळात आणि थोड्या प्रमाणात दोडामार्ग-सावंतवाडीच्या बागांतही झाडाच्या चिकापासून मिळते. पलटी मारण्यात आणि फाटण्याला तोंड देण्यात त्याची बरोबरी सहसा कुणी करत नाही. वाकवले की ते चटकन सरळ होते. पण त्याच्या लांब साखळीत जागोजागी कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमका त्या बंधांवर तुटून पडतो. दुसरे ईपीडीएम. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसतात, त्यामुळे ओझोन आणि ऊन ते चांगले सोसते, पण तेल-पेट्रोल लागले की फुगते. तिसरे सिलिकोन. त्याची साखळी कार्बनची नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची असते, म्हणून उष्णता आणि ओझोन यांचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. मात्र ते फाटायला हलके असते. काचेवरच्या कणीने त्याच्या धारेला चीर लवकर पडते. याशिवाय नैसर्गिक रबरात क्लोरोप्रीन मिसळून केलेली मिश्र रबरेही असतात, त्यांचे गुण या दोन रबरांच्या मध्ये बसतात.

सिलिकोनचे आणखी एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. ते काचेवर स्वतःचा पातळ थर सोडते आणि त्यामुळे पाण्याचे मणी होऊन ओघळतात. थर सारखा बसला तर दृष्टी सुरेख राहते. पण काच आधी नीट धुतली नसेल तर थर ठिगळांसारखा बसतो. एका जागी पाणी पसरते, शेजारी मणी होतात, जिभेला दर बोटभर अंतरावर वेगळे घर्षण लागते आणि महागडा नवा वायपर पहिल्या दिवसापासून थडथडू लागतो. असा वायपर दुकानात परत करणारे अनेक जण असतात. त्यांनी परत करण्याआधी काच धुऊन पाहावी, एवढेच मी सुचवीन.

नैसर्गिक रबराच्या बाबतीत एक गोष्ट वरून दिसत नाही. उघडे रबर कोरड्या काचेला फार चिकटते, म्हणून कारखान्यात जिभेच्या पृष्ठभागावर क्लोरीनची प्रक्रिया करतात. त्याने वरचा काही हजारांश मिलिमीटरचा थर कडक आणि गुळगुळीत होतो, आतले रबर मऊच राहते. काही कंपन्या त्यावर ग्रॅफाइटचा लेपही देतात. नव्या वायपरला बोट लावले की काळे होते ते त्यामुळेच, ती घाण समजून पुसून काढू नये. पॉलिश पेपरने जीभ घासून वायपर नवा करण्याचा सल्ला दिला जातो तो या थराच्या मुळावर येतो. घासल्यावर गोल झालेला कोपरा थोडा सरळ होतो, म्हणून चार-आठ दिवस फरक वाटतो. मग कडक थर गेलेला असल्याने आतले चिकट रबर काचेला लागते आणि थडथड पहिल्यापेक्षा वाढते. पेट्रोल किंवा रॉकेलच्या बोळ्याने जीभ पुसली तर ती फुगते आणि धार वेडीवाकडी होते. कोरड्या धुळीवर वायपर फिरवला तरी तोच थर खरवडला जातो.

आता आठ कोरड्या महिन्यांकडे येऊ. वायपर बंद केला की तो खाली येऊन थांबतो. खाली येताना जीभ वरच्या बाजूला कललेली असते आणि तशीच कललेली ती काचेला टेकून राहते. दर वेळी त्याच बाजूला. उघड्यावर उभ्या गाडीची काच एप्रिल-मेच्या दुपारी हात लावू नये इतकी तापते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की रबर म्हातारे होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा आमच्या धंद्यातला ढोबळ नियम आहे. गंधकाने पक्के केलेल्या रबरात साखळ्यांना जोडणारे गंधकाचे पूल असतात. उष्णतेत त्यातले काही तुटतात आणि नवे बनतात. जीभ वाकलेली असताना बनलेला पूल तिला वाकलेल्या जागीच धरून ठेवतो. असे हजारो पूल झाले की वाकडेपणा हाच जिभेचा मूळ आकार होऊन बसतो.

त्याच वेळी दुसरे नुकसान चालू असते. ओझोन सैल रबराला सहसा भेगा पाडत नाही, ताणलेल्या रबराला पाडतो. कललेल्या मानेची एक बाजू दाबलेली असते आणि दुसरी ताणलेली. ओझोन त्या ताणलेल्या बाजूला आडव्या बारीक भेगा पाडतो. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, जीभ नखाने वाकवून भिंगातून पाहिल्या की दिसतात. म्हणजे ज्या मानेतून पलटी मारायची तीच मान एका बाजूने आखडते आणि दुसऱ्या बाजूने तडकते. जूनमध्ये वायपर वर निघतो तेव्हा जिभेला खालच्या बाजूला कलायचे असते. ती कलत नाही, उलटी ढकलली जाते आणि थडथडते. खाली येताना मात्र तिचा वाकडेपणा योग्य दिशेलाच असतो, म्हणून ती गुळगुळीत येते. वर जाताना थडथड आणि खाली येताना शांत, ही खूण ज्याने ओळखली त्याने अर्धे निदान केले.

हे एका उदाहरणाने तपशिलात सांगतो. पुण्यातील एका सोसायटीत पश्चिमेकडे तोंड करून उघड्यावर उभी राहणारी लहान गाडी माझ्याकडे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आली. वायपर आदल्या जूनमधले, नैसर्गिक रबराचे, सांगाड्याचे. चालकाच्या बाजूचा वायपर वर जाताना थडथडत होता, शिवाय नजरेच्या उंचीवर दोन बारीक रेघा प्रत्येक फेरीत त्याच जागी राहत होत्या. पहिली परीक्षा पाण्याची केली : काचेवर पाइपने भरपूर पाणी सोडले. दोष काचेवरच्या थराचा असता तर भरपूर पाण्यात थडथड कमी झाली असती. ती तशीच राहिली, आणि एकाच दिशेला राहिली. मग दांडा उचलून जीभ कडेने पाहिली. तिने सरळ लोंबायला हवे होते, पण ती वरच्या बाजूला कलून राहिली होती. तिसरी परीक्षा कोमट पाण्याची केली. ब्लेड काढून दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवले, जीभ बोटांनी उलट दिशेला हलके दाबत राहिलो आणि परत लावले. थडथड बरीच कमी झाली आणि तासाभरात परत आली. दोष दांड्यात असता तर कोमट पाण्याने काहीच बदलले नसते. रबराच्या आकारातला हा दोष असल्याची खात्री पटली. दोन रेघांच्या जागी बोट फिरवले तेव्हा धारेत दोन बारीक खाचा लागल्या. कायम त्याच अंतरावर राहणारी रेघ म्हणजे त्या अंतरावर धारेत खाच आहे किंवा कण रुतला आहे, हे जवळजवळ नेहमीच खरे ठरते.

नवे रबर घातल्यावर वर जातानाची थडथड आणि रेघा दोन्ही गेल्या. पण रिमझिमीत चाचणी घेतली तेव्हा काच अर्धी सुकत असताना दोन्ही दिशांना बारीक कंप जाणवू लागला. हा दुसरा दोष आधी पहिल्याच्या आड लपला होता. काचेवर पाणी टाकले तर ते पसरण्याऐवजी जागोजागी मणी होऊन थांबत होते. विचारल्यावर कळले की गाडी धुताना मेण असलेला शांपू वापरला जातो. काच साबणाच्या पाण्याने धुऊन मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन वेळा पुसली. पाणी सलग चादरीसारखे उतरू लागले आणि कंप थांबला. लांबच्या प्रवासातले ट्रकचालक पावसात काचेवर तंबाखू किंवा बटाट्याची फोड चोळतात, त्यामागेही हेच आहे : त्याने पाणी मणी न होता पसरते. तो परिणाम थोडाच वेळ टिकतो, पण त्यांचे निरीक्षण अचूक आहे.

या उदाहरणात दांड्याचा कोन ठीक होता. तो चुकलेला असतो तेव्हा खूण थोडी वेगळी असते : नवे, सरळ रबर घातल्यावरही थडथड एकाच दिशेला आणि भरपूर पाण्यातही चालूच राहते. तिथे मिस्त्रीचा हात आणि पकड लागतेच, रबर कितीही बदलले तरी उपयोग नाही. आणि पुसूनही सगळ्या काचेवर धुरकट पडदा राहत असेल तर आतून एकदा काच पुसून पाहावी. डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून उडालेली तेलकट वाफ आतल्या बाजूला बसते आणि दोष बाहेरच्या वायपरला लागतो.

हा विषय आज लिहावा असे वाटण्याची कारणे गाड्यांमध्येच आहेत. चालकाला मदत करणाऱ्या नव्या यंत्रणांचा कॅमेरा आरशामागे, काचेच्या पुसल्या जाणाऱ्या भागाच्या आड बसवलेला असतो. तिथला फराटा आता माणसाबरोबर यंत्राचीही नजर अडवतो. विजेवरच्या गाडीत इंजिनाचा आवाज नसल्याने पूर्वी न जाणवणारी किंकाळी स्पष्ट ऐकू येते. आणि चपट्या वायपरमध्ये बहुधा नुसते रबर बदलता येत नाही, अख्खे ब्लेड घ्यावे लागते. पूर्वी थोडक्या पैशांत रीफिल घालून काम भागत असे. तेव्हा चुकीच्या निदानाची किंमतही वाढली आहे.

हे पुस्तक म्हणजे दुरुस्तीची पुस्तिका नाही आणि रबराच्या रसायनाचे पाठ्यपुस्तकही नाही. काचेवर दिसणाऱ्या खुणेपासून सुरुवात करून मागे मागे जात कारण गाठायचे, अशी त्याची रीत आहे. रेघ कुठे आहे, आवाज कोणत्या दिशेला आहे, पाणी वाढवल्यावर काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे वाचकाने स्वतःच्या गाडीवर काढावीत असे मला वाटते. रसायन येते ते त्या उत्तरांचे कारण सांगण्यापुरते. कोणत्या कंपनीचा वायपर घ्यावा हे मी सांगितलेले नाही, कारण एकाच नावाखाली वेगवेगळी रबरे विकली जातात आणि चांगले रबरही चुकीच्या काचेवर वाया जाते. किती महिन्यांनी बदलावा याचाही एक आकडा दिलेला नाही. सावलीत उभ्या गाडीचे रबर दोन पावसाळे काढते, उन्हात उभ्या गाडीचे एकच कसाबसा. खूण पाहून ठरवावे, तारीख पाहून नव्हे.

वाचकाला एकच विनंती आहे. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर दांड्याखाली कापडाची गुंडाळी ठेवून जीभ काचेपासून सुटी राहील असे करा. आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, ढग येण्याआधी, एकदा दांडा जपून उचला. तो हातातून सुटून काचेवर आपटू नये म्हणून खाली जाड कापड ठेवा. ओल्या फडक्याने जीभ पुसा आणि कडेने पाहा. ती सरळ उभी असेल तर निश्चिंत राहा. कललेली असेल तर ती पहिल्या सरीतच थडथडणार, तेव्हा पावसाची वाट न पाहता बदला.